इंटरनेटशिवाय आवाजावर दिवे: फोंड्यातल्या एका जुन्या घरातली जोडणी आणि पावसातली तिची मर्यादा

फोंड्याजवळच्या आमच्या जुन्या घरात आत्या एकटी राहते. गुडघ्यांमुळे रात्री उठून स्विचपर्यंत जाणं तिला जड जातं. हॉलचा एक दिवा आणि वसरीचा एक, एवढे दोनच तिला बसल्या जागेवरून लावता-मालवता यायला हवे होते. मोबाइलवरून किंवा इंटरनेटवर चालणाऱ्या स्पीकरवरून हे करता येतं, पण जून ते सप्टेंबर आमच्याकडे नेटचा भरवसा नसतो, आणि नेमकं वारं-पावसाच्या रात्रीच दिव्याचं काम पडतं. म्हणून शब्द स्वतःच ओळखणारं, बाहेर काहीही न पाठवणारं छोटं मॉड्यूल बसवलं. दिवे चालू-बंद होणं हा यातला सोपा भाग. पत्र्यावर पाऊस पडत असताना मॉड्यूलला माणसाचं बोलणं ऐकू येणं हा अवघड भाग आहे, आणि सगळी मांडणी त्याचाच विचार करून ठरवावी लागते.

मी वापरलं ते डीएफरोबॉटचं ऑफलाइन व्हॉइस मॉड्यूल, क्रमांक `SEN0539`. पाटीवरच दोन मायक्रोफोन आणि एक बारीक स्पीकर असतो. त्यात 121 इंग्रजी आज्ञा आधीच भरलेल्या आहेत आणि आपल्या स्वतःच्या 17 आज्ञा शिकवता येतात. शिकवलेली आज्ञा कोणत्याही भाषेत चालते, कारण मॉड्यूल तिचा अर्थ लावत नाही, शिकवताना ऐकलेल्या आवाजाशी ताडून पाहतं. त्यामुळे मराठी, कोकणी, काहीही शिकवा. पण याच कारणाने ज्याने शिकवलं त्याच्याच आवाजाला ते सर्वांत चांगलं दाद देतं. आत्यासाठी बसवायचं असेल तर शब्द आत्यानेच शिकवायला हवेत.

बाकीचं सामान थोडंच आहे: प्रोग्रॅम भरता येणारा एक छोटा बोर्ड म्हणजे अर्डुइनो नॅनो, दोन रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्याने चालणारे स्विच, असलेली 5 व्होल्टची पाटी, 5 व्होल्ट 2 अँपिअरचा चांगला अडॅप्टर, सहा-सात मीटर लॅन केबल, एक छोटा सरकता स्विच आणि झाकण असलेले दोन प्लॅस्टिकचे डबे. नॅनो मुद्दाम घेतला. तो 5 व्होल्टवर चालतो, त्यामुळे रिलेच्या पाटीशी त्याचं सरळ जमतं. 3.3 व्होल्टच्या बोर्डावर काही रिले पूर्ण सुटत नाहीत आणि मग त्या दुरुस्त्यांतच दिवस जातो.

आधी जागा ठरवा

पहिल्यांदा मी सगळं एकाच डब्यात घालून स्विचबोर्डाशेजारी लावलं, वायरिंगला सोयीचं म्हणून. ते चुकलं. आत्याची खुर्ची तिथून चार मीटरवर. कोरड्या, शांत दुपारी चाललं, पंखा लावला की दोन-तीनदा हाक मारावी लागे.

याचं गणित सोपं आहे. साधं बोलणं तोंडापासून एक मीटरवर साधारण 60 डेसिबल भरतं. अंतर दुप्पट झालं की ते सुमारे 6 डेसिबलने उतरतं. म्हणजे दोन मीटरवर 54, चार मीटरवर 48. जुन्या पंख्याचा आवाज 50च्या आसपास असू शकतो. म्हणजे चार मीटरवरच्या मायक्रोफोनला पंखा मोठा आणि आत्या लहान ऐकू येते. ओळख नीट व्हायची तर बोलणं गोंगाटापेक्षा निदान 10 डेसिबल वर असावं, असं मी धरून चालतो. पंखा 50 धरला तर मायक्रोफोन तोंडापासून मीटरभरावरच हवा.

बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे प्रत्यक्षात उतार यापेक्षा थोडा कमी होतो, पण त्याने फायदा होत नाही. उंच कौलारू छप्पर, चिऱ्याच्या गिलावा केलेल्या भिंती आणि गुळगुळीत सिमेंटची जमीन असलेल्या हॉलात शब्द घुमतो. एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर पडते आणि मॉड्यूलला शिकवलेला आकार सापडत नाही. माणसाचा कान हे सहज निवडतो, या छोट्या चिपला ते जमत नाही.

म्हणून मॉड्यूल दिव्याजवळ नको, बोलणाऱ्या तोंडाजवळ हवं. मी डब्याचे दोन भाग केले. मॉड्यूल आणि नॅनो आत्याच्या खुर्चीशेजारच्या टीपॉयवर, तोंडापासून हातभर अंतरावर. रिले आणि अडॅप्टर स्विचबोर्डापाशी. मॉड्यूल आणि नॅनो मधली निरोप नेणारी वायर, म्हणजे आयटूसीची, मात्र वीतभरच ठेवा, ती लांब ओढण्यासाठी नसते. लांब जाते ती नॅनो आणि रिले यांमधली लॅन केबल.

लॅन केबलच्या आठ तारा

इथे एक बारीक चूक नेहमी होते. चार तारा पुरतात म्हणून 5 व्होल्टला एक, ग्राउंडला एक आणि दोन रिलेंना दोन अशा लावतात. लॅन केबलची तार बारीक असते, मीटरला साधारण 0.084 ओहम. सहा मीटरला अर्धा ओहम, जाऊन-येऊन एक ओहम. मॉड्यूल आणि नॅनो मिळून 0.4 अँपिअर ओढतात असं धरलं तर वाटेतच 0.4 व्होल्ट जातो. मॉड्यूलचा स्पीकर बोलायला लागला की आणखी उतरतो आणि नॅनो मध्येच रीसेट होतो. लक्षण असं दिसतं: आज्ञा बरोबर ओळखली जाते, उत्तराचा पहिला शब्द येतो आणि लागलेला दिवा पटकन विझतो. माणूस शब्दांना दोष देत बसतो, आणि दोष तारेचा असतो.

आठही तारा वापरा. तीन एकत्र पिळून 5 व्होल्टला, तीन ग्राउंडला, उरलेल्या दोन रिलेंच्या `IN1` आणि `IN2`ला. आता जाऊन-येऊन अडथळा एक तृतीयांश ओहमवर येतो आणि 0.13 व्होल्टच जातो. तेवढा चालतो. ही केबल घरच्या विजेच्या वायरींसोबत एकाच पाइपातून नेऊ नका.

खुर्चीजवळच्या डब्यात केबलवरून आलेले 5 व्होल्ट नॅनोच्या `5V` पिनेला आणि मॉड्यूलच्या प्लसला द्या, ग्राउंड दोघांच्या ग्राउंडला. मॉड्यूलवरची `D/T` लिहिलेली तार नॅनोच्या `A4`ला, `C/R` लिहिलेली `A5`ला. मॉड्यूलवर एक छोटा स्विच असतो, तो `I2C`कडे सरकवलेला हवा. दुसरीकडे राहिला तर प्रोग्रॅमला मॉड्यूल सापडतच नाही. रिलेंच्या दोन तारा `D7` आणि `D8`ला. सरकता स्विच `D4` आणि ग्राउंडच्या मध्ये. त्याचं काम पुढे सांगतो. नॅनोला यूएसबीने संगणकाशी जोडाल तेव्हा अडॅप्टर बंद ठेवा.

विजेची बाजू

हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. त्याला काय सांगायचं ते लिहितो. एमसीबी पाडून, टेस्टरने वीज नसल्याची खात्री करून मगच बोर्ड उघडायचा. रिलेच्या `COM` आणि `NO` या दोन स्क्रूंतून फेजच जायला हवी, न्यूट्रल नाही. न्यूट्रल तोडली तर दिवा विझल्यासारखा दिसतो पण होल्डरात वीज राहते, आणि एलईडी बल्ब कधी कधी मिणमिणत राहतो.

रिले भिंतीवरच्या स्विचला समांतर जोडून घ्या. म्हणजे रिले किंवा स्विच, दोघांपैकी एक चालू असला तरी दिवा लागतो. मॉड्यूल बिघडलं, शब्द ऐकू आला नाही, पाहुणा आला, तरी हाताने दिवा लावता येतो. याची किंमत एकच: स्विच चालू असेल तर आवाजाने दिवा बंद होत नाही. आत्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, "स्विच बंद असू दे, मगच हाक मार." टू-वे स्विच घालून ही अडचण टाळता येते, पण मग "लाव" म्हटल्यावर दिवा लागेल की विझेल हे स्विचच्या स्थितीवर ठरतं. वयस्कर माणसाला ते जास्त गोंधळाचं वाटतं. मला समांतरच बरं वाटलं.

9 वॉटच्या एलईडीला 10 अँपिअरचा रिले भरपूर झाला. पंखा किंवा पंप याच रिलेवर लावायचा मोह टाळा.

शब्द निवडणं आणि शिकवणं

आम्ही आधी "दिवा लाव" आणि "दिवा मालव" ठेवलं होतं. माणसाला फरक स्पष्ट कळतो. पण मॉड्यूलच्या बाजूने पाहा: सुरुवात एकच, शेवटही जवळपास एकच, मधला एवढासा "मा" तेवढा वेगळा. पंख्याच्या घरघरीत तो "मा" बुडाला की मालवायला सांगितलेला दिवा लागतो. आज्ञांना अर्थाची नाही, आवाजाची जोडी लागते. सुरुवातीचा स्वर वेगळा, लांबी वेगळी, शेवट वेगळा असे शब्द घ्या. स, श, फ यांच्यावर फरक टाकू नका, कारण पावसाचा आवाज नेमकी हीच फुसफुसणारी व्यंजनं झाकतो. आ, ए, ओ असे ठसठशीत स्वर जास्त टिकतात. आमच्या चार आज्ञा शेवटी अशा झाल्या: "उजेड हवा आता", "काळोख करून टाक", "वसरी पेटव", "बाहेर सगळं बंद".

हाकेचा शब्द, म्हणजे ज्याने मॉड्यूल जागं होतं तो, रोजच्या बोलण्यात न येणारा हवा. मूळची हाक "हॅलो रोबॉट" अशी आहे. आत्याने "ऐक दीपमाळे" निवडली, मंगेशीच्या देवळासमोरच्या दीपमाळेवरून. पाच-सहा अक्षरांची हाक चांगली. दोन अक्षरांची हाक टीव्हीतल्या कुठल्याही बोलण्यात सापडते.

शिकवण्यासाठी आधी "हॅलो रोबॉट" म्हणायचं, मग "लर्निंग वेक वर्ड". मॉड्यूल नवी हाक विचारतं आणि तीच पुन्हा म्हणायला लावतं. आज्ञांसाठी "लर्निंग कमांड वर्ड" म्हणायचं. एक झाली की ते पुढची मागतं, पुरे झालं की "एक्झिट लर्निंग". पहिल्या शिकवलेल्या आज्ञेला 5 क्रमांक मिळतो, पुढे 6, 7 असं 21पर्यंत. म्हणून क्रम कागदावर लिहूनच सुरू करा. हे शब्द वीज गेली तरी पुसले जात नाहीत.

इंग्रजी वाक्यं मी स्वतः म्हटली आणि शिकवायच्या क्षणी आत्याकडे वळलो. शिकवताना डबा त्याच्या कायमच्या जागी ठेवा आणि पंखा नेहमीच्या वेगावर चालू द्या. वापराच्या वेळी जो आवाज असणार तो शिकवतानाही थोडा असावा, हे मी दोन वेळा शिकवल्यावर मानलं. टीव्ही मात्र बंद. आणि शिकवणाऱ्याने सभेत बोलल्यासारखं ठासून बोलू नये. आत्या पहिल्यांदा एकेक अक्षर तोडून बोलली. रात्री अर्धवट झोपेत ती तशी थोडीच बोलणार! सगळं पुसून पुन्हा शिकवलं. पुसायला "आय वॉन्ट टू डिलीट" म्हणायचं, मग "डिलीट कमांड वर्ड" किंवा "डिलीट ऑल".

प्रोग्रॅम

अर्डुइनोच्या लायब्ररी मॅनेजरमधून `DFRobot_DF2301Q` घ्या आणि हे भरा:

```cpp
#include "DFRobot_DF2301Q.h"
DFRobot_DF2301Q_I2C asr;
const byte HALL = 7, VASRI = 8, SHANT = 4;

void setup() {
  digitalWrite(HALL, HIGH);  pinMode(HALL, OUTPUT);
  digitalWrite(VASRI, HIGH); pinMode(VASRI, OUTPUT);
  pinMode(SHANT, INPUT_PULLUP);
  Serial.begin(115200);
  while (!asr.begin()) {
    Serial.println("module nahi");
    delay(2000);
  }
  asr.setVolume(4);
  asr.setMuteMode(0);
  asr.setWakeTime(15);
}

void loop() {
  byte id = asr.getCMDID();
  if (id != 0) {
    Serial.print(millis() / 1000);
    Serial.print(" ID ");
    Serial.println(id);
  }
  if (digitalRead(SHANT) == HIGH) {
    if (id == 5) digitalWrite(HALL, LOW);
    if (id == 6) digitalWrite(HALL, HIGH);
    if (id == 7) digitalWrite(VASRI, LOW);
    if (id == 8) digitalWrite(VASRI, HIGH);
  }
  delay(300);
}
```

या प्रकारच्या बहुतेक रिले पाट्या `LOW` मिळाल्यावर लागतात, म्हणून उलटं लिहिलेलं दिसतं. `pinMode`च्या आधी `HIGH` लिहिलं आहे, नाहीतर वीज आल्याबरोबर रिले क्षणभर टिचकी मारतो आणि दिवा लुकलुकतो. वीज जाऊन आली की दोन्ही दिवे बंद राहतात. पहाटे तीनला वीज आल्यावर हॉल आपोआप उजळू नये, म्हणून मी ते तसंच ठेवलं.

`setWakeTime` हा हाकेनंतर मॉड्यूल किती वेळ जागं राहील ते ठरवतो. आकडा मोठा केला की बोलणाऱ्याला सवड मिळते, पण तेवढाच वेळ टीव्हीलाही मिळतो. जागं असताना टीव्हीतलं वाक्य आज्ञेसारखं लागलं तर दिवा हलतो.

चाचणी, आणि नोंद काय सांगते

डबा जागेवर ठेवा, नॅनो लॅपटॉपला जोडून सिरियल मॉनिटर, म्हणजे नॅनो काय लिहून पाठवतो ते दाखवणारी खिडकी, 115200 वर उघडा. एकेका परिस्थितीत हाक आणि आज्ञा वीस वेळा म्हणा: शांतता, पंखा, पंखा आणि टीव्ही, पाऊस. वीसपैकी अठराच्या खाली गेलं तर मी ती परिस्थिती "चालत नाही" अशी लिहितो. आठवड्यात दोनदा हाक फुकट गेली तरी माणूस काठी घेऊन स्विचकडे जायला लागतो, आणि मग सगळं तसंच पडून राहतं.

किती चुकलं यापेक्षा कसं चुकलं हे पाहा. स्वतःची हाक ओळखली गेली की `ID 1` येतो, "हॅलो रोबॉट"ला `ID 2`. हाक मारूनही काहीच आलं नाही तर शब्द पोचलाच नाही, डबा जवळ आणायला हवा. `ID 1` आला पण पुढे आज्ञा आली नाही, तर बहुतेक माणूस मॉड्यूलचं उत्तर संपायच्या आतच बोलला. स्पीकर मायक्रोफोनला लागूनच असतो, तो बोलत असताना त्याला दुसरं फारसं ऐकू येत नाही. हाक, उत्तर, मग आज्ञा, अशी सवय लावावी लागते. आणि 5 ऐवजी 6 आला तर दोन आज्ञा एकमेकींसारख्या आहेत, एक बदला.

उलटी चाचणीही करा. कोणी काही न म्हणता टीव्ही लावून दोन तास नोंद चालू ठेवा. `ID 1` वारंवार दिसला तर हाक बदलायची.

गोंगाटात कुठवर चालतं

पंखा हा सगळ्यांत सोपा शत्रू. त्याचा आवाज एकसारखा असतो आणि डबा तोंडाजवळ आणला की तो मागे पडतो. पंख्याचा वारा थेट मायक्रोफोनच्या भोकांवर मात्र येऊ देऊ नका, त्याची फडफड वेगळीच असते. डब्याचं तोंड बाजूला वळवा.

टीव्ही एवढा मोठा नसला तरी जास्त त्रासाचा, कारण तेही माणसाचं बोलणंच आहे. मॉड्यूलला कोणाचं ऐकायचं ते कळत नाही. टीव्ही डब्याच्या पाठीमागे आणि शक्य तितका लांब असू द्या.

मिक्सर चालू असताना प्रयत्न करू नका. तो सहज 80 डेसिबलच्या पुढे जातो. त्याच्यावर आवाज चढवायला ओरडावं लागेल, आणि ओरडलेला शब्द शिकवलेल्या शब्दासारखा राहत नाही. हीच गोष्ट सगळ्या गोंगाटाला लागू आहे: आवाज वाढवला की स्वर ताणले जातात, उंची बदलते आणि ओळख आणखी बिघडते. जवळ जाऊन साध्या आवाजात बोललेलं चांगलं.

पावसाचं वेगळं. हॉलच्या कौलांवर पडणारा पाऊस जाणवत नाही, पण मागे वाढवलेल्या स्वयंपाकघरावर पत्रे आहेत, आणि जुलैच्या सरीत त्यांचा आवाज सगळं घर भरतो. पंखा किंवा टीव्ही एका दिशेने येतो, त्याच्याकडे पाठ करता येते. पाऊस सगळीकडून येतो, डबा वळवून उपयोग नाही. उपाय दोनच. एक, अंतर आणखी कमी करणं: डबा हातात घेऊन तोंडापासून वीतभरावर बोललं की बोलणं एक मीटरच्या मानाने 12 डेसिबलच्या वर चढतं. म्हणून मी खुर्चीजवळ केबल थोडी जास्त सोडून ठेवली. दुसरा, मधलं दार लोटणं आणि हॉलात जाड पडदे. त्याने घुमणंही कमी होतं. एवढं करूनही धो धो सरीत वीसपैकी अठरा होत नाहीत. तेव्हा भिंतीवरचा स्विच, नाहीतर उशाजवळ बॅटरी. आत्याला मी हे आधीच सांगितलं. ती म्हणाली, "पाऊस काय रात्रभर पडतो रे? सर गेली की सांगेन त्याला."

आता तो सरकता स्विच. गणेश चवथीला हॉलात फळं-भाज्यांची माटोळी बांधलेली, दहा-पंधरा माणसं आरतीला, घुमट वाद्य आणि झांज. त्यात कोणतीही आज्ञा ऐकू येणार नाही, हे ठरलेलंच. पण उलट भीती असते, की त्या गदारोळात हाकेसारखं काही लागून आरतीच्या मध्येच दिवा जाईल. स्विच सरकवून जोडला की `D4` ग्राउंडला जातो आणि प्रोग्रॅम आज्ञा टाकून देतो. लागलेला दिवा लागलेलाच राहतो. मॉड्यूल मध्येच काही बोललं तर बोलू द्या. पाहुणे गेले की स्विच पुन्हा मागे सरकवा.

पावसाळा संपला की दोन्ही डबे उघडून पाहा. दमट हवेत रिलेच्या स्क्रूवर हिरवट थर येतो आणि डब्यात मुंग्या शिरतात. वीज बंद करून स्क्रू पुसून घट्ट करा आणि केबल आत शिरते ते भोक बुजवा. मायक्रोफोनच्या भोकांत धूळ बसली असेल तर मऊ ब्रशने काढा, फुंकर मारू नका. आणि खुर्चीची जागा बदलली असेल तर डबाही हलवा आणि तिथे बसून वीसची चाचणी पुन्हा घ्या.